पुरवठादाराच्या मागणी नोटिशीला खरेदीदाराचे उत्तर: यंत्राच्या दर्जाचा वाद, वजावट आणि प्रतिदावा

यंत्र कारखान्यात येऊन काही महिने झालेले असतात, ते ठरल्याप्रमाणे काम देत नसते, म्हणून उरलेली रक्कम थांबवलेली असते. आणि एके दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ८ खालील मागणी नोटीस येते. वसुलीच्या नेहमीच्या वकिली नोटिशीसारखीच ती दिसते, पण तिचा परिणाम वेगळा असतो. पैसे मिळाले नाहीत आणि वादही दाखवला गेला नाही, तर पुरवठादार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, कलम ९ खाली अर्ज करू शकतो. तो अर्ज दाखल करून घेतला गेला, तर संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कंपनीचा कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाच्या हाती जातो. म्हणूनच या नोटिशीच्या उत्तराचा मसुदा करताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते: उत्तराने वाद निर्माण होत नाही, आधीपासून असलेला वाद उत्तरातून दाखवायचा असतो, आणि तो दाखवताना बाकीची कबुली द्यायची नसते.

पुढील सर्व पायऱ्या एका उदाहरणावर चालवून पाहू. व्यक्ती व आकडे कल्पित आहेत, पण असे व्यवहार कोल्हापूरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत किंवा चाकणला नेहमी होतात. शिरोलीतील एका खासगी मर्यादित कंपनीने पंपाच्या कास्टिंगवर यंत्रण करण्यासाठी एक हॉरिझाँटल मशीनिंग सेंटर मागवले. किंमत १ कोटी ८० लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३२ लाख ४० हजार. ऑर्डरसोबत ६० लाख द्यायचे, जीएसटी माल आल्यावर, ९० लाख माल आल्यापासून ६० दिवसांत, आणि शेवटचे ३० लाख खरेदीदाराच्या कारखान्यातील अंतिम ट्रायल यशस्वी झाल्यावर, असे ऑर्डरमध्ये लिहिले होते. ट्रायलची अट स्पष्ट होती: ऑर्डरला जोडलेल्या ड्रॉइंगप्रमाणे सलग ५० जॉब काढायचे आणि प्रत्येकात बोअरच्या केंद्राचे स्थान ०.०२ मिलिमीटरच्या आत राहिले पाहिजे. यंत्र ३० एप्रिल २०२४ रोजी यायचे होते, ते १८ जुलैला आले आणि ५ ऑगस्टला सुरू झाले. सकाळचे पहिले काही जॉब बरोबर निघत, पण दोन तास यंत्र चालले की बोअर एकाच दिशेने सरकू लागे आणि चूक ०.०५ मिलिमीटरपर्यंत जाई. खरेदीदाराने १४ ऑगस्टला पहिला तक्रारीचा ईमेल केला. पुरवठादाराचा इंजिनिअर तीनदा येऊन ऑफसेट देऊन गेला, पण दोष राहिलाच. जीएसटी व पहिले ६० लाख दिलेले होते, पुढचे पैसे थांबवले गेले. ३ मार्च २०२५ रोजी १ कोटी २० लाख आणि १८ टक्के व्याजाची मागणी नोटीस हाती आली.

पहिली पायरी: नोटीस कोणती आहे ते ओळखणे

कलम ८ खालील नोटीस ठरावीक नमुन्यात असते. ती नमुना ३ मध्ये असते, किंवा बीजकाची प्रत जोडून नमुना ४ मध्ये. ती केवळ कंपनी किंवा एलएलपी यांच्याविरुद्ध चालते. खरेदीदार प्रोप्रायटर किंवा साधी भागीदारी पेढी असेल, तर या मार्गाने एनसीएलटीत जाता येत नाही आणि तसे उत्तरात पहिल्याच परिच्छेदात लिहावे. नोटीस पुरवठादाराने स्वतः न पाठवता वकिलाने पाठवली, या आक्षेपात मात्र वेळ घालवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच वकिलाने पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली आहे.

उत्तराची मुदत नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांची आहे. आपल्या उदाहरणात ती १३ मार्चला संपते. पाकिटावरची पोच, ईमेल आल्याची वेळ आणि आवक नोंदवहीतील नोंद त्याच दिवशी जपून ठेवावी, कारण पुढे पहिला वाद तारखेवरूनच निघतो. मुदत चुकली म्हणजे खरा वाद नाहीसा होतो असे नाही. तो कलम ९ च्या अर्जाला उत्तर देतानाही दाखवता येतो. पण वेळेत उत्तर गेले नाही, की समोरचा शपथपत्रावर ‘वादाची कोणतीही नोटीस मिळाली नाही’ असे सांगून सुरुवात करतो, आणि ती सुरुवात पुढे फार महाग पडते.

दुसरी पायरी: नोटिशीआधीचा कागद शोधणे

बहुतेक खरेदीदार इथे उलट्या क्रमाने जातात. आधी मसुदा होतो, मग त्याला आधार म्हणून कागद शोधले जातात. क्रम कागदांपासून सुरू व्हायला हवा, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. संहितेच्या कलम ५(६) मधील वादाच्या व्याख्येत मालाचा दर्जा आणि हमीचा भंग हे दोन्ही स्पष्टपणे येतात, आणि वाद मान्य होण्यासाठी आधी दावा किंवा लवाद सुरू असलाच पाहिजे असेही नाही. पण वाद मागणी नोटीस मिळण्यापूर्वीचा असायला हवा. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०१७ रोजी याची कसोटी घालून दिली. वाद शेवटी टिकेल की नाही हे न्यायाधिकरण पाहणार नाही. पुढे तपासण्यासारखे काहीतरी सकृद्दर्शनी आहे की केवळ पुराव्यावाचून उभा केलेला देखावा आहे, एवढेच ते पाहील.

या कसोटीचा व्यवहारातला अर्थ असा, की १४ ऑगस्ट २०२४ चा एक साधा ईमेल १० मार्च २०२५ च्या दहा पानी उत्तरापेक्षा जास्त मोलाचा आहे. सर्वांत वजनदार कागद मात्र पुरवठादाराच्या माणसाच्या हातचा असतो. आपल्या उदाहरणात इंजिनिअरच्या दुसऱ्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये ‘स्पिंडल गरम झाल्यावर स्थान बदलते, ऑफसेट दिला, निरीक्षणाखाली’ अशी एक ओळ आहे आणि खाली दोघांच्या सह्या आहेत. संपूर्ण उत्तर या ओळीभोवती बांधता येते. व्हॉट्सॲपवरील संभाषणही उपयोगी पडते, पण त्याचे नुसते स्क्रीनशॉट न ठेवता मूळ फोन जपावा, कारण इलेक्ट्रॉनिक नोंदीला पुढे प्रमाणपत्र जोडावे लागते.

याच शोधात आपल्या विरुद्ध जाणारे कागदही बाहेर काढावेत, आणि हे काम कंपनीच्या लेखापालाला सोबत घेऊनच करावे. ३१ मार्चच्या बाकीची पुष्टी करणारे पत्र पुरवठादाराला सही करून दिले आहे का? यंत्रासाठी मुदतकर्ज घेताना बँकेला ‘यंत्र समाधानकारकरीत्या बसवले’ असे प्रमाणपत्र दिले आहे का? ताळेबंदात ही देणी वादग्रस्त म्हणून दाखवली आहेत की निर्विवाद म्हणून? कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ प्रमाणे व्यापारी देण्यांच्या वयोमानाच्या तक्त्यात वादग्रस्त देणी वेगळी दाखवायची असतात, आणि तिथे ही रक्कम निर्विवाद रकान्यात पडली असेल तर समोरचा वकील तेच पान सर्वांत आधी जोडतो. बँकेला दिलेल्या प्रमाणपत्राचे स्पष्टीकरण देता येते, कारण यंत्र बसवले जाणे आणि ट्रायलमध्ये पास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ते स्पष्टीकरण आधीच तयार असले पाहिजे.

तिसरी पायरी: मागितलेली रक्कम आज देय आहे का

दर्जाच्या वादाआधी हा प्रश्न सुटला पाहिजे, आणि घाईत तो नेमका राहून जातो. कलम ९ खाली अर्ज करण्यासाठी थकबाकी किमान १ कोटी रुपयांची असावी लागते. ही मर्यादा २४ मार्च २०२० पासून लागू आहे. आपल्या नोटिशीत १ कोटी २० लाख मागितले आहेत. पण त्यातले ३० लाख अंतिम ट्रायल यशस्वी झाल्यावरच द्यायचे होते आणि ती ट्रायल यशस्वी झालेली नाही. म्हणजे सर्व काही पुरवठादाराच्या बाजूने धरले, तरी मुद्दल म्हणून देय झालेली रक्कम जास्तीत जास्त ९० लाख होते, आणि ती मर्यादेच्या खाली आहे. पुरवठादार व्याज मिळवून १ कोटी गाठण्याचा प्रयत्न करील, म्हणून ऑर्डरमध्ये आणि स्वीकारलेल्या बीजकात व्याजाचा दर ठरला होता का ते पाहावे. दर फक्त बीजकाच्या तळाशी छापलेला असेल आणि ऑर्डरमध्ये नसेल, तर तो आपण मान्य केलेला नाही असे स्पष्ट लिहावे.

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून नोंदलेला असेल, तर व्याजाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे उशिरा दिलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते. त्यातून सुटण्याची वाट मालाबद्दलच्या लेखी हरकतीतून जाते, पण ती हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घ्यावी लागते. यंत्राच्या बाबतीत ही तरतूद अडचणीची आहे, कारण आपले यंत्र १८ जुलैला आले आणि ५ ऑगस्टला सुरू झाले. १५ दिवस ते चालू होण्यापूर्वीच संपले होते. पुढच्या प्रत्येक खरेदीत यंत्र उतरवल्यावर पंधरवड्याच्या आत ‘ट्रायल होईपर्यंत हे यंत्र स्वीकारलेले नाही, आमची हरकत राखून ठेवली आहे’ असे एक पत्र पाठवून द्यावे. आत्ताच्या वादात, ऑर्डरमधील ट्रायलची अट दोघांनी मान्य केलेली होती आणि पुरवठादाराने स्वतः दुरुस्तीचे प्रयत्न केले, यावर भर द्यावा लागेल.

चौथी पायरी: दोष कारणासहित मांडणे

‘यंत्र निकृष्ट दर्जाचे आहे’ हे वाक्य उत्तरात जवळजवळ निरुपयोगी आहे. ठरले काय होते, मोजले काय गेले, कधी आणि कोणासमोर, हे एकामागोमाग लिहावे लागते. त्यानंतर पुरवठादार हमखास घेणाऱ्या आक्षेपांना आधीच उत्तर द्यावे. तो म्हणेल की फाउंडेशन बरोबर नाही, व्होल्टेज वरखाली होते, फिक्श्चर ढिले आहे किंवा ऑपरेटर नवखा आहे.

इथे तांत्रिक निरीक्षण कायद्याच्या कामी येते. फाउंडेशनचा दोष असता तर पहिल्या जॉबपासून चूक दिसली असती. फिक्श्चर ढिले असते तर चूक कधी एका, कधी दुसऱ्या दिशेला गेली असती. आपल्या यंत्रात चूक तापमानाबरोबर एकाच अक्षावर वाढते, रात्री यंत्र थंड झाले की सकाळी पुन्हा जॉब बरोबर निघतात, आणि तेच फिक्श्चर दुसऱ्या यंत्रावर लावले की स्थान टिकून राहते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की दोष स्पिंडल तापून वाढण्याकडे आणि त्याच्या अपुऱ्या शीतकरणाकडे बोट दाखवतो. उत्तराला वेळेनुसार मोजलेल्या जॉबचा तक्ता जोडावा, आणि शक्य झाल्यास स्वतंत्र तपासनीसाकडून लेझर इंटरफेरोमीटरने यंत्र थंड असताना व तापल्यावर मोजणी करून घ्यावी. मोजणीआधी पुरवठादाराला तारीख कळवून हजर राहण्यास सांगावे. तो आला नाही तरी त्या पत्राचे वजन राहते.

कायद्याची मांडणी इथे फार काळजीने करावी लागते. १९३० च्या वस्तुविक्रय अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे, खरेदीदाराने विशिष्ट हेतू कळवला आणि विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला, तर माल त्या हेतूस योग्य असण्याची अट गृहीत धरली जाते. ड्रॉइंग ऑर्डरला जोडलेले असल्याने हेतू कळवल्याचा पुरावा आपल्याकडे आहेच, आणि शिवाय ५० जॉबची अट लेखी आहे. अडचण पुढे आहे. कलम ४२ खाली, खरेदीदाराने माल वापरात घेतला किंवा वाजवी काळ नाकारल्याचे न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते, आणि एकदा स्वीकारल्यावर अटीचा भंग केवळ हमीचा भंग म्हणून चालवता येतो. सात महिने यंत्रावर सकाळचे जॉब काढत राहून मार्चमध्ये ‘आम्ही यंत्र नाकारत आहोत, घेऊन जा’ असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या उत्पादन नोंदींनी स्वतःलाच खोटे पाडणे होय. अशा स्थितीत यंत्र परत करण्याचा आग्रह सोडून हमीभंगाची भरपाई मागणे हाच टिकणारा मार्ग आहे. नाकारायचेच असेल तर पहिल्या काही आठवड्यांत, वापर थांबवून आणि लेखी कळवून नाकारावे. मग कलम ४३ प्रमाणे ते स्वखर्चाने परत पाठवण्याची जबाबदारीही खरेदीदारावर राहत नाही.

पाचवी पायरी: किंमत घटवणे, वजावट आणि प्रतिदावा वेगळे ठेवणे

उत्तरांमध्ये या तीन गोष्टी एका वाक्यात कोंबलेल्या असतात आणि तिथेच मसुदा दुबळा होतो. प्रत्येकीचा आधार निराळा आहे.

किंमत घटवण्याचा हक्क वस्तुविक्रय अधिनियमाच्या कलम ५९ मधून येतो. हमीभंग झाला तर खरेदीदार किंमत कमी झाल्याचा किंवा उरलीच नसल्याचा बचाव विक्रेत्यापुढे मांडू शकतो. हा वेगळा दावा नाही. पुरवठादार मागतो तेवढी किंमतच देय नाही, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणून एनसीएलटीसमोर तो सर्वांत थेट लागू पडतो. तेच कलम असेही सांगते, की किंमत घटवून घेतल्याने आणखी झालेल्या नुकसानीची मागणी बंद होत नाही.

दिवाणी न्यायालयातील सेट-ऑफ, म्हणजे वजावट, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम ६ प्रमाणे ठरलेल्या, कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या रकमेचीच मागता येते. नुकसानभरपाई ही न्यायनिवाडा होईपर्यंत देणे ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये रामन आयर्न फाउंड्रीच्या प्रकरणात सांगितले आहे. त्यामुळे ‘आमचे तुमच्याकडे इतके येणे आहे, ते वळते करून घेतले’ असे ठामपणे लिहिल्याने ते वळते होत नाही. एकाच व्यवहारातून दोन्ही मागण्या उभ्या राहिल्या असतील, तर न ठरलेल्या रकमेचीही न्यायबुद्धीवर आधारलेली वजावट मागता येते. उत्तरात तोच शब्दप्रयोग करावा आणि दोन्ही मागण्या एकाच ऑर्डरमधून आल्याचे स्पष्ट करावे. प्रतिदावा हा आदेश ८ नियम ६-अ खालील स्वतंत्र दावाच आहे आणि त्यावर न्यायशुल्क भरावे लागते. लवादातही तो करता येतो. पुरवठादार सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुलभीकरण परिषदेकडे गेला, तर तिथल्या लवादातही खरेदीदाराचा प्रतिदावा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात स्पष्ट केले आहे.

आता उदाहरणातले आकडे. यंत्र ठरल्याप्रमाणे असते तर १ कोटी ८० लाखांचे होते; मूल्यांकनकाराच्या मते दोषासह त्याचे मोल १ कोटी २५ लाख आहे. म्हणजे किंमत ५५ लाखांनी घटते. देय धरलेल्या ९० लाखांतून ते वजा केले की ३५ लाख उरतात. त्यापुढे नुकसान: यंत्र चालेना म्हणून १२,४०० जॉब बाहेर जॉबवर्कला दिले, प्रत्येकी २१० रुपये जादा, एकूण २६,०४,०००. रद्द झालेले ४१२ जॉब, भंगाराची किंमत वजा करून प्रत्येकी ९५० रुपये, म्हणजे ३,९१,४००. ग्राहकाने लावलेल्या डेबिट नोटा ५,६०,०००. उशिराबद्दल ऑर्डरप्रमाणे दर आठवड्याला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. उशीर ११ आठवड्यांहून जास्त असल्याने कमाल मर्यादा लागते, म्हणजे ९,००,०००. बेरीज ४४,५५,४००. ती ३५ लाखांच्या पुढे ९,५५,४०० रुपयांनी जाते, आणि तेवढ्यापुरता प्रतिदावा उभा राहतो.

या तक्त्यात काय घातलेले नाही, तेही महत्त्वाचे आहे. नवीन चिलर बसवून दुरुस्ती करण्याचा खर्च यात नाही, कारण मोल घटल्याची रक्कम आणि दुरुस्तीचा खर्च एकाच नुकसानीसाठी दोनदा मागता येत नाहीत; दोहोंपैकी जे जास्त नीट सिद्ध होते ते निवडावे. जॉबवर्कचा जादा खर्चही आवश्यक तेवढ्याच काळाचा धरावा, कारण संविदा अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान कमी करण्याची जी साधने हाताशी होती ती विचारात घेतली जातात. बुडालेल्या नफ्याचा मोठा आकडा घालण्याचा मोह टाळावा, विशेषतः पुरवठादाराच्या अटींमध्ये अप्रत्यक्ष नुकसानीची जबाबदारी नाकारलेली असेल तर. आणि डेबिट नोटांवरही ती अट बोट ठेवील, हे धरून चालावे. फुगवलेला आकडा खऱ्या आकड्यांचीही विश्वासार्हता घालवतो.

आणखी एक आकडा वकिलाला माहीत असावा, पण तो उत्तरात येणार नाही. शेवटचे ३० लाखही देय आहेत असे पुढे न्यायालयाने धरले, तर हाच हिशेब उलटतो आणि खरेदीदाराकडेच २०,४४,६०० रुपये निघतात. तडजोडीची बोलणी कुठपर्यंत न्यायची, हे या आकड्यावरून ठरते.

सहावी पायरी: कबुली होऊ न देणे

१९६३ च्या मुदत अधिनियमाचे कलम १८ या कामात सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सही केलेल्या लेखी कबुलीने पुरवठादाराची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते, आणि कबुलीसोबत पैसे देण्यास नकार दिला किंवा वजावट मागितली तरीही ती कबुलीच राहते, असे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. अधिकार दिलेल्या वकिलाची सहीसुद्धा पुरते. म्हणून ‘आपली १ कोटी २० लाखांची बाकी आम्हास मान्य आहे, परंतु त्यातून आमचे नुकसान वजा करावे’ हे वाक्य कधीही लिहू नये. ते मुदतही वाढवते आणि मर्यादेपेक्षा जास्त कर्जही मान्य करते.

त्याऐवजी मसुद्याचा गाभा असा असावा:

‘आपण मागितलेली रक्कम किंवा तिचा कोणताही भाग देय असल्याचे आमची कंपनी नाकारते. ऑर्डरमधील अटीप्रमाणे अंतिम ट्रायल यशस्वी झालेली नसल्याने ३० लाख रुपये देय झालेलेच नाहीत. उर्वरित किमतीबाबत, यंत्राने ठरलेली अचूकता न दिल्याने हमीचा भंग झाला असून, १४ ऑगस्ट २०२४ पासूनच्या आमच्या पत्रव्यवहारातून आणि आपल्या इंजिनिअरच्या सर्व्हिस रिपोर्टमधून हा वाद आपली नोटीस मिळण्याच्या कित्येक महिने आधीपासून आपणास ज्ञात आहे. आपली किमतीची कोणतीही मागणी पुढे ग्राह्य ठरल्यास, वस्तुविक्रय अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून घेण्याचा, त्याच व्यवहारातील नुकसानीची वजावट मिळण्याचा आणि जादा रकमेसाठी प्रतिदावा करण्याचा हक्क आमची कंपनी मांडत आहे.’

‘पुढे ग्राह्य ठरल्यास’ हे तीन शब्द तिथे मुद्दाम आहेत; हिशेबाचा तक्ताही याच सशर्त भाषेत जोडावा. नोटिशीतील प्रत्येक परिच्छेदाला क्रमाने उत्तर द्यावे, पण आधी घटनाक्रम आणि मग परिच्छेदनिहाय उत्तर, असा क्रम वाचणाऱ्याला सोपा जातो. एनसीएलटीचे काम इंग्रजीत चालत असल्याने अंतिम उत्तर इंग्रजीत जाईल. मराठी कागद असतील तर त्यांचे भाषांतर तयार ठेवावे. तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर तो या उत्तरात न घालता ‘हक्कांना बाधा न आणता’ असे शीर्षक असलेल्या वेगळ्या पत्रात द्यावा.

सातवी पायरी: पाठवणे आणि त्यानंतरची मुदत

उत्तर कंपनीच्या ठरावाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीने किंवा वकिलामार्फत, पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि नोटीस ज्या पत्त्यावरून आली त्या ईमेलवर, असे दोन्ही मार्गांनी पाठवावे. १३ मार्चची वाट न पाहता दोन दिवस आधीच ते गेले तर बरे, कारण होळीच्या सुट्ट्या मध्ये येतात.

उत्तर पाठवले म्हणून प्रतिदाव्याची मुदत थांबत नाही, हे विसरू नये. मुदत अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे वजावट पुरवठादाराच्या दाव्याच्या तारखेला मांडली असे धरले जाते, पण प्रतिदावा तो न्यायालयात प्रत्यक्ष केला त्या तारखेपासूनच मोजला जातो. पुरवठादाराने मुद्दाम उशीर केला, तर वजावट वाचते पण जादाची रक्कम मुदतीबाहेर जाऊ शकते. ऑर्डरमध्ये लवादाची अट असेल तर यावर चांगला उपाय आहे: त्याच उत्तरात आपल्या मागण्या आकड्यांसह मांडून त्या लवादाकडे सोपवण्याची मागणी करावी. गोवा राज्य विरुद्ध प्रवीण एंटरप्रायझेस या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की अशी नोटीस आधी दिली असेल तर प्रतिदाव्याची मुदत त्या नोटिशीच्या तारखेपासून मोजली जाईल. लवादाची अट नसेल, तर वाणिज्यिक न्यायालयात स्वतः दावा आणण्याचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो, आणि तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थीला जाणे बंधनकारक असते.

कंपनीच्या लेख्यांतही त्याच आठवड्यात दोन बदल व्हायला हवेत. ही रक्कम व्यापारी देण्यांत वादग्रस्त म्हणून दाखवावी आणि लेखापरीक्षकाला उत्तराची प्रत द्यावी. आणि बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नसतील, तर जीएसटी नियम ३७ प्रमाणे न दिलेल्या भागावरील कराचे क्रेडिट परत करावे लागते. रक्कम पुढे दिली की ते पुन्हा घेता येते.